घरोघरच्या कचऱ्याचे सर्वेक्षण: प्रश्न विचारा, पण डबाही बघा

अकरावी-बारावीच्या पर्यावरण शिक्षणाच्या प्रकल्पवह्या ज्यांनी तपासल्या आहेत, त्यांना एक तक्ता तोंडपाठ झालेला असतो. ‘तुम्ही ओला व सुका कचरा वेगळा करता का? होय ९० टक्के, नाही १० टक्के.’ शेजारी रंगवलेला वर्तुळालेख आणि खाली निष्कर्ष: लोकांमध्ये जनजागृती होणे गरजेचे आहे. नव्वद टक्के लोक आधीच कचरा वेगळा करत असतील तर जागृती कोणाची करायची, हे वहीत कुठेच नसतं. त्याच वस्तीत सकाळी घंटागाडीपाशी पाच मिनिटं उभं राहिलं की तो तक्ता खोटा आहे हे कळतं. खोटा म्हणजे मुलांनी घरबसल्या भरलेला असं नाही. बऱ्याचदा मुलं खरोखर दारोदार फिरलेली असतात. पण असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस चांगलंच उत्तर देणार.

म्हणून या विषयावरचा प्रकल्प करायचा असेल तर सर्वेक्षणाला दोन भाग ठेवा: लोक काय सांगतात आणि डब्यात काय दिसतं. या दोन आकड्यांमधलं अंतर हाच तुमच्या प्रकल्पाचा खरा शोध. पुढची सगळी पद्धत त्या अंतराभोवतीच बांधली आहे. पद्धत समजावी म्हणून मी एक नमुना वस्ती धरली आहे. तिच्यातले आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत, ते तुमच्या वहीत उतरवायचे नाहीत.

आधी प्रश्न, मग व्याख्या

‘कचरा वर्गीकरणाचे सर्वेक्षण’ हे शीर्षक झालं, प्रश्न नव्हे. प्रश्न असा लिहा: आमच्या भागातल्या किती घरांतून कचरा खरोखर वेगळा होऊन बाहेर पडतो, आणि बाकीच्या घरांत तो नेमका कुठे मिसळतो? ‘उद्दिष्टे’ या प्रकरणात यातूनच दोन-तीन ओळी निघतात. ‘पर्यावरणाचे रक्षण करणे’ हे उद्दिष्ट लिहू नका, कारण ते पूर्ण झालं की नाही हे तुम्ही शेवटी दाखवू शकणार नाही.

मग ‘वेगळा केलेला कचरा’ म्हणजे काय हे कागदावर ठरवा. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये घरच्या कचऱ्याचे तीन भाग होते: कुजणारा, न कुजणारा आणि घरगुती घातक. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यायचे होते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत चार भाग आले: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा, म्हणजे बल्ब, औषधं, रंगाचे डबे वगैरे. प्रस्तावनेत एवढं दोन ओळींत सांगा. नियमांची पानंच्या पानं उतरवून वही जाड होते, पण गुण वाढत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. घरातल्या काही वस्तू अशा असतात की गटातल्या दोघांची दोन मतं होतात. नारळाची करवंटी ओल्यात की सुक्यात? केस? केर काढलेली धूळ? तूप लागलेला मिठाईच्या खोक्यातला कागद? निर्माल्यातला दोरा? सर्वेक्षणाला निघण्याआधी गटाने एकत्र बसून अशा पंधरा-वीस वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे गट लिहावा. अडलं तर तुमच्या नगरपालिकेचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्रक पाहा, नाहीतर घंटागाडीवरच्या कामगारांना विचारा. एका गावात करवंटी ओल्यात घेतात, दुसऱ्या गावात ती यंत्रात अडकते म्हणून वेगळी मागतात. तुमच्या गावात जे चालतं ते तुमची व्याख्या. ही यादी परिशिष्टात लावा.

डब्याची स्थिती मोजायला तीनच पायऱ्या ठेवा.

पूर्ण वेगळा: ओल्या डब्यात वरून पाहता प्लास्टिक, काच, धातू काहीही नाही, आणि सॅनिटरी कचरा असलाच तर तो गुंडाळून बाजूला आहे.
अर्धवट: डबे दोन आहेत, पण ओल्यात एक-दोन सुक्या वस्तू किंवा सुक्यात खरकटं दिसतं.
मिसळलेला: डबा एकच, किंवा दोन असूनही दोन्हीत सगळंच.

गटातल्या दोघांनी पहिली पाच घरं एकत्र जाऊन पाहावीत, पण आपापली नोंद एकमेकांना न दाखवता करावी. नंतर ताडून पाहा. पाचपैकी दोन घरांबद्दल मतं जुळली नाहीत तर व्याख्या ढिली आहे. तिथेच दुरुस्त करा, कारण तिसाव्या घरानंतर ते जमत नाही.

घरं कशी निवडायची

मैत्रिणीचं घर, मावशीचं घर, आपल्याच जिन्यावरची चार घरं अशी निवड केली तर सगळी एका साच्याची येतात. ओळखीचे लोक तुम्हाला नाराज न करण्यासाठी गोडच उत्तरं देतात, ते वेगळंच. साधा उपाय म्हणजे दर तिसरं घर. समजा वस्तीत १२० घरं आहेत आणि तुम्हाला ४० हवीत. एक, दोन, तीन अशा चिठ्ठ्या करून एक उचला. दोन आला तर दुसरं, पाचवं, आठवं असं करत शेवटपर्यंत जा. आमच्या नमुना वस्तीत अर्धी घरं इमारतींतली आहेत आणि अर्धी बैठी. असे दोन प्रकार असले तर दोन्हीकडे हीच पद्धत स्वतंत्रपणे लावा, म्हणजे तुलना करता येते.

घर बंद असेल तर शेजारचं दार वाजवायचा मोह होतो. तो टाळा. दिवसभर बंद असणारी घरं म्हणजे दोघं नोकरीला जाणारी घरं. त्यांच्या जागी घरी असणारे लोक घेत गेलात तर सर्वेक्षण एका बाजूला झुकतं. दुसऱ्या वेळी पुन्हा जा, तरीही बंद असेल तर ‘बंद’ अशी नोंद करा. नकार मिळाला तर ‘नकार’. या नोंदी अपयशाच्या नसतात, अहवालात त्यांना हक्काची जागा असते.

आठवडाही साधा निवडा. गणपतीत निर्माल्य, दिवाळीत खोकी आणि लग्नसराईत पत्रावळ्या कचऱ्याचं रूपच बदलतात.

काय विचारायचं, आणि कसं

प्रश्नावली एका पानाची, दहा प्रश्नांच्या आतली. पहिले प्रश्न साधे: घरात माणसं किती, डबे किती, कचरा रोज बाहेर कोण नेतं. हा तिसरा प्रश्न बहुतेक प्रश्नावल्यांत नसतो आणि तो फार महत्त्वाचा आहे. उत्तर देणारी व्यक्ती आणि कचरा हाताळणारी व्यक्ती पुष्कळदा वेगळी असते. सोफ्यावर बसून काका ‘होय’ म्हणतात. डबा मात्र धुणंभांडी करणाऱ्या मावशी नेतात, किंवा इमारतीत सफाईवाले दादा मजल्या-मजल्यावरून पिंपात ओततात. कचरा घरात वेगळा होऊन जिन्यात एक होत असेल, तर ते फक्त या प्रश्नातूनच कळतं.

मतं विचारण्यापेक्षा कालची गोष्ट विचारा. ‘तुम्ही कचरा वेगळा करता ना?’ यातला ‘ना’ उत्तर आधीच सांगून टाकतो. त्याऐवजी ‘काल रिकामी झालेली दुधाची पिशवी कुठे टाकली?’ असं विचारलं की माणूस आठवून सांगतो. तरीही तो थेट ‘वेगळा करता का’ हा प्रश्न एकदा विचारायचाच आहे, कारण सांगणं आणि दिसणं यांची तुलना त्यावरच उभी आहे. फक्त तो सरळ विचारा आणि पर्याय तीन द्या: रोज, कधीकधी, नाही.

शेवटी पाच चित्रांची एक पट्टी दाखवा: दुधाची पिशवी, अंड्याची टरफलं, फुटलेला बल्ब, चहाचा चोथा, डायपर. हे कुठे टाकाल, एवढंच विचारा. घरच्यांना माहीत आहे की नाही हे यातून कळतं. निष्कर्ष लिहिताना याच पाच चित्रांवर सगळा भार येणार आहे, तेव्हा वेळ नाही म्हणून हा भाग गाळू नका.

मग डबा. घंटागाडी सकाळी येत असेल तर आदल्या संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ उत्तम: दिवसभराचा कचरा डब्यात असतो आणि माणसंही घरी असतात. प्रश्न आणि डबा एकाच भेटीत उरकावे. ‘उद्या डबा बघायला येतो’ म्हणालात तर उद्याचा डबा देव्हाऱ्यासारखा असेल. नमुन्यादाखल एक भेट अशी:

‘आजी, ओला-सुका वेगळा करता का?’
‘करतो की. रोज. दोन डबे आहेत आमचे.’
‘वरून जरा बघू का? नको म्हणालात तरी चालेल.’
‘बघ ना, त्यात काय लपवायचंय.’

हिरव्या डब्यात कोथिंबिरीच्या काड्या, चहाचा चोथा, वांग्याची देठं, आणि मधोमध कोपरा कापलेली दुधाची पिशवी, शिवाय त्या पिशवीचा कापलेला तो इवलासा कोपरा. निळ्या डब्यात वर्तमानपत्र, बिस्किटांचे पुडे, सगळं कोरडं. आजी खोटं बोलल्या नाहीत. त्यांनी खरंच वेगळा केला आहे, फक्त दूध ओट्यावर तापवायला ठेवताना पिशवी हाताशी असलेल्या डब्यात गेली. नोंद: अर्धवट, ओल्यात प्लास्टिक. त्यांना तिथेच चूक दाखवू नका. तुम्ही मोजायला गेला आहात, आणि शेजारणींना ही बातमी पोचली की पुढची दारं नीट उघडत नाहीत.

पाहणं म्हणजे पाहणं. डब्यात हात घालायचा नाही, काडीने थोडं बाजूला केलं तरी पुरे. ब्लेड, सुई, फुटकी काच कुठेही असू शकते. हातमोजे घाला आणि गुंडाळलेलं काहीही उघडू नका. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेने सॅनिटरी पॅडच्या पुडीवर लाल ठिपका करायला सांगितलं, ते याचसाठी: हाताळणाऱ्याला न उघडता कळावं. नोंदीत घराचं नाव लिहू नका, ‘घ-१’, ‘घ-२’ असे क्रमांक द्या. डब्याचा फोटो घ्यायचा तर विचारून, आणि त्यात माणूस, पाटी, औषधाची चिठ्ठी येऊ देऊ नका.

वजन हा वेगळा प्रयोग आहे

वजन सगळ्या घरांचं शक्य नाही. सहा घरं आणि सलग सात दिवस पुरेत. सात दिवस यासाठी की रविवारचा कचरा मंगळवारसारखा नसतो. लटकवायचा वजनकाटा कोणत्याही भांड्यांच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. आधी रिकाम्या बादलीचं वजन करून ते दर वेळी वजा करा.

पण इथे एक सापळा आहे. वजनासाठी तुम्ही त्या घरांना ‘ओला या पिशवीत, सुका त्या पिशवीत ठेवा’ असं सांगता आणि त्या सांगण्यानेच त्यांची सवय बदलते. म्हणून वजनातून एवढंच कळतं की कचऱ्यात काय किती असतं. लोक वेगळा करतात की नाही हे त्यातून कळत नाही. डबे पाहून झाल्यावरच वजनाला सुरुवात करा.

नमुना वस्तीतल्या सहा घरांत २४ माणसं. आठवड्याचा कचरा: ओला ३० किलो, सुका ९, सॅनिटरी २ आणि धूळ-केर १, एकूण ४२ किलो. २४ माणसं गुणिले ७ दिवस म्हणजे १६८. ४२ भागिले १६८ म्हणजे माणशी रोज पाव किलो. हे उत्तर जागेवर आहे का, याचा अंदाज घेता येतो: भारतातल्या शहरांसाठी साधारणपणे माणशी २०० ते ६०० ग्रॅम असं सांगितलं जातं, आणि त्यात दुकानं, हॉटेलं, रस्ते हेही येतात. घरगुती आकडा त्यामुळे खालच्या बाजूला असणार. तुमचं उत्तर माणशी दोन किलो आलं तर बादली वजा करायची राहिली, किंवा त्या आठवड्यात पाहुणे होते.

तक्ता आणि मोजणी

सगळ्या नोंदी एकाच पत्रकात भरा, एका घराला एक ओळ. डी स्तंभात उत्तर (‘रोज’, ‘कधीकधी’, ‘नाही’), ई स्तंभात डब्याची स्थिती (‘पूर्ण’, ‘अर्धवट’, ‘मिसळलेला’). मग हाताने मोजायची गरज उरत नाही:

```
=COUNTIF(D2:D41,"रोज")
=COUNTIFS(D2:D41,"रोज",E2:E41,"पूर्ण")
```

शब्द सगळीकडे अगदी सारखे हवेत. ‘पूर्ण’च्या पुढे एक रिकामी जागा राहिली तरी ते घर मोजलं जात नाही आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून सगळ्या गटांची बेरीज घरांच्या संख्येशी दर वेळी ताडून बघा.

आता नमुना वस्तीचं बघू. ४० घरं निवडली. ३ बंद, १ नकार, राहिली ३६. त्यांतल्या २८ घरांनी ‘रोज’ सांगितलं, ८ घरांनी ‘कधीकधी’ किंवा ‘नाही’. डबा ३० घरांनी पाहू दिला. ‘रोज’ म्हणणाऱ्या २८ पैकी २४ घरांचे डबे पाहिले: ११ पूर्ण वेगळे, ८ अर्धवट, ५ मिसळलेले. उरलेल्या ८ पैकी ६ घरांचे डबे पाहिले: १ अर्धवट, ५ मिसळलेले. म्हणजे ३० डब्यांत ११ पूर्ण, ९ अर्धवट, १० मिसळलेले.

टक्केवारी काढताना छेद बदलतो आणि तिथेच बहुतेक वह्या घसरतात. सांगणं आणि दिसणं यांची तुलना करायची तर दोन्हीकडे तीच ३० घरं हवीत. ३० पैकी २४ म्हणजे ८० टक्के घरं ‘रोज’ म्हणाली. ३० पैकी ११ म्हणजे ३७ टक्के घरांत तसं दिसलं. २८ भागिले ३६ आणि ११ भागिले ३० अशी तुलना केलीत तर दोन वेगळ्या गटांची गाठ बांधल्यासारखं होईल. प्रत्येक टक्क्याशेजारी मूळ संख्या लिहाच: ‘३७ टक्के (३० पैकी ११)’.

तीन आलेख पुरेत

पहिला आलेख या अंतराचा. दोन उभे स्तंभ, दोन्ही ३० घरांचे. डाव्या स्तंभात ‘काय सांगितले’: २४ आणि ६. उजव्या स्तंभात ‘काय दिसले’: ११, ९, १०, एकावर एक रचलेले. आलेखकागदावर १ सेंटिमीटरला ३ घरं घेतली तर स्तंभ १० सेंटिमीटरचा येतो, आकडेमोड सोपी. उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करा. वीसपासून सुरू केला तर फरक फुगून दिसतो आणि परीक्षक नेमकं तेच विचारतात.

दुसरा आलेख: कचरा कुठे मिसळतो. पूर्ण वेगळा नसलेल्या १९ घरांत काय दिसलं? १२ घरांत ओल्यात प्लास्टिक, ९ घरांत ओल्यात केर किंवा केस, ७ घरांत डबाच एक, ५ घरांत सॅनिटरी कचरा न गुंडाळता टाकलेला. बेरीज ३३ होते, कारण एका घरात दोन-तीन गोष्टी असू शकतात. म्हणून इथे वर्तुळालेख चालत नाही. वर्तुळाचे तुकडे मिळून एक पूर्ण व्हावं लागतं, आणि इथे ते होत नाही. आडवे स्तंभ काढा, सर्वांत लांब वर, आणि खाली लिहा: ‘एका घरात एकाहून अधिक बाबी शक्य.’

तिसरा आलेख वजनाचा, आणि इथे वर्तुळालेख शोभतो, कारण ४२ किलो हे खरंच एक पूर्ण आहे. अंश काढायचे: ओला ३० भागिले ४२ गुणिले ३६०, म्हणजे २५७, सुका ७७, सॅनिटरी १७, धूळ ९. बेरीज ३६०. ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा, डब्यांसारखेच रंग द्या. वहीची झेरॉक्स द्यायची असेल तर रंगांसोबत रेघोट्या आणि ठिपकेही, नाहीतर चारही तुकडे एकसारखे काळपट येतात.

या वर्तुळाखाली एक वाक्य अवश्य लिहा. सुका कचरा वजनात जेमतेम पाचवा हिस्सा दिसतो, पण डब्यात त्याची जागा त्याहून पुष्कळ मोठी असते, कारण पिशव्या आणि पुडे हलके आणि फुगीर. वजनाचा आलेख प्लास्टिकला लहान दाखवतो. हे तुमच्या लक्षात आलं आहे, हे परीक्षकाला दिसू द्या.

निरीक्षण, विश्लेषण, निष्कर्ष

या तीन प्रकरणांत एकच मजकूर तीनदा फिरवलेला असतो. फरक सोपा आहे. निरीक्षण म्हणजे मोजलेलं: ‘१९ पैकी १२ घरांत ओल्या डब्यात प्लास्टिक होते.’ विश्लेषण म्हणजे दोन निरीक्षणं शेजारी ठेवून काय दिसतं ते. निष्कर्ष म्हणजे त्यावरून सुरुवातीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर, आणि ते तुमच्या मोजणीपलीकडे एक पाऊलही जाऊ नये.

‘जनजागृतीची गरज आहे’ हे वाक्य लिहायचंच असेल, तर लोकांना माहीत नाही हे आधी दाखवावं लागेल. आता ती पाच चित्रांची पट्टी काढा. नमुना वस्तीत ३० पैकी २६ घरांनी दुधाची पिशवी सुक्यात जाते हे बरोबर सांगितलं. ज्या १२ घरांत ओल्यात प्लास्टिक सापडलं, त्यांतल्या १० घरांनीही उत्तर बरोबरच दिलं होतं. माहीत आहे आणि तरीही पिशवी ओल्यात आहे. मग अडचण माहितीची नाही, हाताशी काय आहे याची आहे: ओल्याचा डबा ओट्याखाली, सुक्याचा गॅलरीत, आणि पिशवी ओली-चिकट. हा निष्कर्ष लहान आहे, पण तो तुमच्या आकड्यांवर उभा आहे. डबे कुठे ठेवलेत याची नोंद प्रश्नावलीत केली असेल तर तो आणखी भक्कम होतो. तेव्हा तो प्रश्न घालाच.

बल्बच्या चित्राचं याच्या उलट निघू शकतं: बहुतेकांना तो कुठे द्यायचा हेच माहीत नसतं. तिथे ‘माहिती द्यायला हवी’ म्हणायला तुम्ही मोकळे.

तुलनेच्या बाबतीत हात आखडता ठेवा. समजा १४ बैठ्या घरांपैकी ७ घरांत पूर्ण वेगळा आढळला आणि इमारतीतल्या १६ पैकी ४ घरांत. ५० टक्के आणि २५ टक्के ऐकायला दुप्पट फरक वाटतो, पण दोन घरं इकडची तिकडे झाली तर तो जवळजवळ नाहीसा होतो. ‘बैठ्या घरांत प्रमाण जास्त आढळले, मात्र घरांची संख्या कमी असल्याने खात्रीने सांगता येत नाही’ असं लिहा. यात कमीपणा नाही.

मर्यादांचं प्रकरण अर्ध्या पानाचं असावं आणि खरं असावं. सहा घरांनी डबा दाखवला नाही, त्यांतली चार ‘रोज’ म्हणाली होती. त्यांचे डबे अधिक मिसळलेले असण्याची शक्यता आहे, म्हणजे ३७ टक्के हा आकडाही कदाचित थोडा चढाच असेल. डबा फक्त वरून पाहिला, तळाचं दिसलं नाही. एकाच संध्याकाळचं चित्र आहे. एवढं पुरे.

लोक हमखास म्हणतील ते

‘आम्ही वेगळा करून काय उपयोग, गाडीत शेवटी एकत्रच करतात.’ हे वाक्य तुम्हाला इतक्या वेळा ऐकू येईल की ते निष्कर्षात लिहावंसं वाटेल. ऐकलेलं लिहू नका, बघा. तीन वेगवेगळ्या सकाळी गाडी वस्तीत येते तेव्हा उभं राहून नोंद करा: गाडीला दोन कप्पे आहेत का, कोणता डबा कोणत्या कप्प्यात ओतला जातो, मिसळलेला डबा आला तर कामगार काय करतात. त्यांच्याशी दोन शब्द बोला, पण त्यांचं काम खोळंबू देऊ नका. कधी असं दिसेल की कप्पे दोन आहेत, पण ओल्याचा कप्पा वस्तीच्या निम्म्यातच भरतो आणि उरलेला ओला सुक्यात जातो. ओला वजनाने ७० टक्क्यांच्या वर आहे हे तुम्ही मोजलेलंच आहे. मग कप्पे निम्मे-निम्मे असतील तर असं होणारच. दोन मोजण्या एकमेकींना अशा भेटल्या की त्या प्रकल्पाचं चीज होतं.

शिफारशीही याच मापाच्या ठेवा. ‘सरकारने कडक कायदे करावेत’ याऐवजी ‘ओट्याजवळ सुक्यासाठी एक पिशवी अडकवावी, दुधाची पिशवी धुऊन चिमट्याला वाळत घालावी’. वेळ असेल तर पाच ‘अर्धवट’ घरांत हे आठवडाभर करून बघा आणि आठवड्याने डबा पुन्हा पाहा. पाचपैकी तीन घरांत पिशवी ओल्यातून सुक्यात गेली, एवढं एक वाक्यही ‘कडक कायद्यां’च्या पानभर मजकुरापेक्षा वजनदार असतं.

वहीची मांडणी

क्रम नेहमीचाच: प्रस्तावना, उद्दिष्टे, कार्यपद्धती, निरीक्षणे, विश्लेषण, निष्कर्ष, मर्यादा व शिफारशी, परिशिष्ट. प्रस्तावना एका पानाच्या पुढे नको. कार्यपद्धतीला दोन पानं द्या, कारण घरं कशी निवडली आणि डबा कसा तपासला हे वाचून दुसऱ्या कोणालाही तेच सर्वेक्षण करता आलं पाहिजे. प्रत्येक आलेखाला क्रमांक, शीर्षक, अक्ष असतील तर त्यांची नावं आणि तो किती घरांवरून काढला याची टीप, जसं पहिल्या आलेखाला ‘एकूण घरे ३०’. आलेखाच्या लगेच खाली तो काय सांगतो ते दोन वाक्यांत. आलेख एकीकडे आणि त्याचं स्पष्टीकरण चार पानांनी पुढे, असं करू नका. परिशिष्टात कोरी प्रश्नावली, वस्तूंची यादी आणि पाच चित्रांची पट्टी.

भरलेल्या प्रश्नावल्या वहीत चिकटवायच्या नाहीत, पण फेकायच्याही नाहीत. क्रमांकाने लावून तोंडी परीक्षेला सोबत न्या. परीक्षक तक्त्यावर बोट ठेवून विचारतात, ‘घ-१७ अर्धवट का?’ त्या घराचा कागद काढून ‘ओल्यात दुधाची पिशवी आणि केस, सुका स्वच्छ’ असं वाचून दाखवलं की पुढचे प्रश्न आपोआप सोपे होतात.